‘प्रीमियम’ काजू म्हणजे नेमका कुठला? पाकिटावर मोजता येईल असं काय लिहावं

जून २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, फळांच्या रसाच्या डब्यांवरून आणि जाहिरातींतून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकायला सांगितला. डब्यात आटवलेल्या रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेला रस असतो, मग शंभर टक्के कसा, असा साधा मुद्दा होता. त्यानंतर बऱ्याच छोट्या उद्योगांना प्रश्न पडला की आपल्या पाकिटावर आपण जे छापतो त्याचं काय? बेळगावच्या रविवार पेठेत किंवा खानापूरच्या बसस्टँडजवळ काजूची पाकिटं बघितलीत तर दिसेल, सगळीकडे तीच ओळ आहे. प्रीमियम क्वालिटी, बेस्ट इन क्लास, एक्स्पोर्ट क्वालिटी, १०० टक्के नॅचरल. दहा पाकिटं शेजारी ठेवली तर नाव आणि फोन नंबर सोडून वेगळं काही सापडत नाही.

काजू मी मुद्दाम घेतला. खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा पट्टा आणि सीमेपलीकडचं चंदगड इथं काजूच्या बागाही आहेत आणि फोडायचे कारखानेही आहेत. कितीतरी घरांत बायका कटिंगला नाहीतर सोलायला जातात. शिवाय या मालाला एक सोय आहे जी गुळाला किंवा मसाल्याला इतकी सहज मिळत नाही. त्याची प्रत आकड्यात ठरलेली आहे आणि तो आकडा घरचा वजनकाटा घेऊन कुणालाही तपासता येतो. तरी पाकिटावर तो आकडा सोडून बाकी सगळं असतं!

## हे शब्द का चालतात?

कारण ते कधी खोटे ठरत नाहीत. ‘प्रीमियम’ म्हणजे किती, हे मोजायचं माप दुकानदाराकडे नाही आणि गिऱ्हाइकाकडेही नाही. बारीक, पिवळसर, अर्धा तुटलेला काजू भरून वर प्रीमियम लिहिलं, तरी तुम्ही नेमकी तक्रार काय करणार? नुसत्या स्तुतीला कायदाही सहसा हात लावत नाही, विकणारा आपल्या मालाची थोरवी गाणारच असं धरून चालतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल स्पष्ट आहे. वस्तूचं खोटं वर्णन करणं, खोटी हमी देणं, महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं, हे सगळं त्यात येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड लावू शकतं. नैसर्गिक, ताजा, शुद्ध, अस्सल, पारंपरिक असे शब्द कधी वापरायचे याच्या अटी एफएसएसएआयच्या २०१८ च्या दावे-नियमांत दिल्या आहेत. त्यामुळे ‘नॅचरल’ हा शब्द वाटतो तितका फुकटचा नाही, ‘बेस्ट’ मात्र जवळजवळ फुकटचाच आहे. आणि जे फुकट असतं ते प्रत्येकजण छापतो.

लग्नाच्या स्थळांचे बायोडेटा आठवा. ‘मुलगा निर्व्यसनी, सुस्वभावी, सुसंस्कृत’ हे शंभरातल्या शंभर कागदांवर असतं, म्हणून वाचणारा त्यावरून नजर सरकवतो आणि शिक्षण, नोकरीचं गाव, घरी माणसं किती इथं थांबतो. का, तर तेवढंच चौकशी करून बघता येतं.

ओळ कामाची आहे की नाही हे ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. ओळ वाचून विचारायचं, ‘हे खोटं असेल तर मला कळेल का, आणि कसं कळेल?’ उत्तर नसेल तर ती ओळ पाकिटावरची जागा अडवते, एवढंच.

## काजूची प्रत आकड्यात कशी असते?

अख्ख्या पांढऱ्या काजूच्या प्रतीपुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर असतं आणि त्याच्यापुढे आकडा. तो आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती काजूगर बसतात. डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडाला ३०० ते ३२०. डब्ल्यू २४० म्हणजे २२० ते २४०. डब्ल्यू १८० हा मोठा, १७० ते १८०. डब्ल्यू ४५० हा बारीक, ४०० ते ४५०. आकडा चढला की दाणा लहान होतो. नव्या माणसाचा इथं हमखास घोळ होतो, त्याला ४५० मोठा वाटतो.

पौंड आपल्याकडे कुणी वापरत नाही, म्हणून १०० ग्रॅमवर आणू. डब्ल्यू ३२० असेल तर १०० ग्रॅममध्ये साधारण ६६ ते ७१ काजू यायला हवेत. डब्ल्यू २४० असेल तर ४९ ते ५३. डब्ल्यू ४५० असेल तर ८८ ते ९९. एवढे तीन आकडे डोक्यात ठेवले तरी बाजारातल्या बहुतेक अख्ख्या काजूचा अंदाज येतो. पाव किलोच्या पाकिटावर डब्ल्यू २४० लिहिलंय आणि आत १७० काजू निघाले, तर तो सरळ सरळ ३२० आहे. यात वाद घालायला जागाच नाही.

अख्ख्याच्या खाली तुटलेल्या मालाची वेगळी उतरंड असते. गर उभा फुटून दोन फाका झाल्या की पाकळी, मग मोठा तुकडा, बारीक तुकडा आणि शेवटी कणी. भट्टीत थोडा जास्त तापून तांबूस झालेला अख्खा काजूही वेगळा काढतात. आता गंमत बघा, निर्यातीसाठी ठरलेल्या प्रतींच्या यादीत हे सगळं आहे, अगदी कणीसुद्धा. म्हणजे ‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ लिहिणारा खोटं बोलत नाही, पण त्यानं काहीच सांगितलेलं नसतं.

## एक पाकीट उलगडून बघू

समजा खानापूर तालुक्यातला एक बचतगट आहे. जवळच्या कारखान्यातून १० किलोचा डबा घ्यायचा, पाव-पाव किलोची पाकिटं भरायची आणि बेळगावात, धारवाडला, जमलं तर कोल्हापूरला पाठवायची, असा त्यांचा धंदा. आजच्या पाकिटावर लिहिलंय, ‘प्रीमियम क्वालिटी काजू. बेस्ट इन क्लास. एक्स्पोर्ट क्वालिटी. कोलेस्टेरॉल फ्री.’

पहिलं काम डबा तपासायचं. कारखानदार म्हणतो डब्ल्यू ३२०, त्याच्या शब्दावर पाकीट छापायचं नाही. डबा हलून हलून बारीक दाणा तळाला गेलेला असतो, म्हणून वरून, मधून आणि तळातून असे तीन नमुने घ्यायचे, प्रत्येकी १०० ग्रॅम. समजा वरचे ६८ निघाले, मधले ७०, तळातले ७४. बेरीज झाली २१२, ती ३०० ग्रॅममध्ये. २१२ ला ३०० नं भागून ४५४ नं गुणलं की पौंडाला ३२१ येतात, म्हणजे माल ३२० च्या अगदी उंबरठ्यावर आहे. प्रमाणप्रतीत खालच्या प्रतीचा थोडा दाणा मिसळलेला चालतो, त्यामुळे याला ३२० म्हणणारा अगदीच चुकत नाही. पण तळातल्या दाण्यांचं पाकीट ज्याच्या हातात पडेल तो १०० ग्रॅमला ७४ मोजेल आणि तुम्हाला फोन करेल.

मग दोन वाटा उरतात. भरण्याआधी डबा परातीत ओतून नीट कालवायचा, म्हणजे प्रत्येक पाकीट १०० ग्रॅमला ७१ च्या आसपास येईल. आणि पाकिटावर ‘१०० ग्रॅममध्ये ६६ ते ७४ काजू’ असा पाळता येईल असा आकडा द्यायचा. मला विचाराल तर दोन्ही करावं. हमी देताना मधला आकडा पुढे करू नये. सगळ्यात वाईट पाकिटालाही जी लागू पडेल ती हमी द्यावी.

दुसरं, त्याच नमुन्यांतले तुटलेले वेगळे काढून वजन करायचं. ३०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम तुकडा निघाला तर शेकडा ४ झाला. चांगल्या अख्ख्या मालात तुकडा शेकडा ५ च्या आत असावा अशी रीत आहे. पण डब्यातला ४ टक्के गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत वाढतो. काजू फार कोरडा असेल तर ठिसूळ होतो आणि पाकिटावर पाकीट रचलं की फुटतो. म्हणून भरतानाच अख्खे निवडून घ्यायचे आणि लिहिताना ‘भरताना तुकडा शेकडा ५ च्या आत’ असं लिहायचं. ‘भरताना’ या शब्दानं हमी कुठवर आहे ते कळतं.

तिसरं, ओल. काजूगरात ओल ५ टक्क्यांच्या वर नसावी. बी वाफेवर शिजवून फोडल्यावर गर सालासकट गरम हवेच्या भट्टीत सुकवतात ते यासाठीही. ओल राहिली तर बुरशी धरते, कीड लागते. ५ टक्के घरी मोजता येत नाही, पण गिऱ्हाइकाला एक खूण माहीत असलेली बरी. सुका काजू दोन बोटांत मोडला की कट्‌ असा तुटतो, ओलसर असेल तर आधी वाकतो आणि मग फाटतो. प्रयोगशाळेतून तपासून घेतलं असेल तर तेवढा आकडा आणि तारीख छापावी. नसेल घेतलं तर ओलीबद्दल गप्प बसावं.

## सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट, तारीख

काजूचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. हवा लागली की तेलाला खवट वास येतो. आपल्या भागात बी निघते साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत, आणि वाळवून ठेवलेली बी कारखाने वर्षभर फोडत राहतात. म्हणजे एका काजूच्या तीन तारखा असतात. बी कधी निघाली, ती कधी फोडली आणि पाकीट कधी भरलं.

पाकिटावर सहसा तिसरीच असते. कायद्यानं तिथं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, भरल्याचा महिना-वर्ष, एका ग्रॅमला दर किती पडतो ते आणि एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर लागतो. हे सगळं अगदी बरोबर छापलेलं असूनही आतला काजू वर्षापूर्वी फोडलेला असू शकतो. डबा हवा काढून, त्यात नायट्रोजन नाहीतर कार्बन डायऑक्साइड भरून बंद केलेला असेल तर तो महिनोन्‌महिने चांगला राहतो, त्यात गैर काही नाही. पण डबा एकदा उघडला आणि दोन महिने अर्धा तसाच कोपऱ्यात पडला, मग त्यातून पाकिटं भरून वर आजची तारीख मारली, की तो काजू ‘फ्रेश’ होतो.

बचतगटानं इथं एक साधी गोष्ट करावी. कारखान्याच्या डब्यावरचा बी फोडल्याचा महिना आणि बॅच नंबर पाकिटावर उतरवावा. ‘बी फोडली : एप्रिल. पाकीट भरलं : जून.’ दोन महिन्यांचं अंतर उघड दिसलं म्हणून माल पडून राहत नाही. उलट वर्षभराचं अंतर असलेला शेजारचा माणूस ही ओळ छापू शकत नाही, आणि दोन पाकिटं शेजारी ठेवली की ते आपोआप दिसतं. असं केलेला एक दुकानदार मला म्हणाला, ‘आता लोकं येऊन विचारतात बघा, त्या दुसऱ्याच्यावर का नाही लिवलेलं?’

## ‘खानापूरचा काजू’ म्हणजे?

इथंही जपून लिहावं लागतं. भारतातल्या काजू कारखान्यांना लागते तेवढी बी देशात पिकत नाही. आफ्रिकेतून, बेनिन, आयव्हरी कोस्ट, टांझानिया अशा देशांतून ती मोठ्या प्रमाणावर येते. त्यामुळे खानापुरात फोडलेला, खानापूरच्याच बायकांनी सोललेला काजू बियाच्या हिशेबानं बेनिनचा असू शकतो. त्यात कमीपणा काहीच नाही, पण ‘आमच्या मातीतला’ म्हणून तो विकला की खोटं झालं. गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालंय. असं मानांकन असलं की ते नाव आणि चिन्ह नोंदणी झालेल्या वापरकर्त्यांनाच लावता येतं. म्हणजे बेळगावात बसून कुठल्याही काजूवर ‘गोवा काजू’ लिहिणं हा नुसता अतिशयोक्तीचा मामला राहत नाही.

बचतगटानं दोन वाक्यं वेगळी लिहावीत. बी कुठली आणि फोडली कुठं. बी मिसळ असेल तर मिसळ म्हणावं. बागायतदाराकडून थेट घेतलेली असेल तर गावाचं नाव द्यावं आणि खरेदीची पावती जपून ठेवावी, कुणी विचारलं तर दाखवता आली पाहिजे.

## खरं आहे, तरी फसवं

आता ‘कोलेस्टेरॉल फ्री’. ही ओळ शंभर टक्के खरी आहे. काजूत कोलेस्टेरॉल नसतं. शेंगदाण्यात नसतं, तांदळात नसतं, भोपळ्यातही नसतं, कारण वनस्पतीच्या कुठल्याही पदार्थात ते असलंच तर नावापुरतं असतं. पाकिटावर ते असं छापतात की जणू बाकीच्यांच्या काजूत आहे आणि आमच्यात तेवढं नाही! जो गुण त्या पदार्थाच्या अंगचाच आहे तो आपला म्हणून मिरवू नये, दावा करायचाच तर तो पदार्थाचा मूळचा गुण आहे हे वाचणाऱ्याला कळावं, असं नियमही सांगतात.

म्हणून वरच्या परीक्षेला एक जोड द्यावी लागते. ओळ तपासता आली पाहिजे, आणि शेजारच्या पाकिटाबद्दल ती खोटी असू शकली पाहिजे. ‘डब्ल्यू २४०’ या दोन्हींत बसते. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ पहिलीत बसते, दुसरीत नाही.

याच्या उलट एक सावधगिरीही हवी. आकड्याच्या अंगात नसलेला अर्थ त्याला चिकटवू नये. डब्ल्यू १८० म्हणजे दाणा मोठा, एवढंच. चव बियाच्या जातीवर, भाजण्यावर आणि ताजेपणावर जाते. लहान, ताजा, गावठी काजू मोठ्या जुन्या काजूपेक्षा गोड लागतो हे आपल्याकडे कुणालाही विचारा. त्यामुळे ‘डब्ल्यू १८०, सर्वांत चविष्ट’ असं लिहिलं की पुन्हा जिथून निघालो तिथंच आलो.

## ‘एवढं वाचायला वेळ कुणाला आहे?’

हा आक्षेप दुकानदार हमखास घेतात आणि तो अर्धा बरोबर आहे. उभ्या उभ्या घेणारा गिऱ्हाईक पाकीट वाचत नाही, हातात घेऊन बघतो. पण जास्त माल घेणारे वेगळे असतात. लग्नाचा स्वयंपाक घेतलेला आचारी, मिठाईवाला, दिवाळीला पन्नास पाकिटं वाटणारा, हे लोक विचारून घेतात, आणि त्यांचं एक पाकीट बरोबर निघालं की पुढची ऑर्डर तिथंच येते. शिवाय आपल्या पट्ट्यात धारवाडचा गिऱ्हाईक कन्नड वाचतो, कोल्हापूरचा मराठी, पणजीचा इंग्रजी. तिघांसाठी तीन भाषांत ‘उत्कृष्ट’ छापण्यापेक्षा ‘१०० ग्रॅम = ६६–७४’ ही एक ओळ तिघांनाही कळते.

आणि ओळी फार लागत नाहीत. बचतगटाचं नवं पाकीट असं होईल :

‘अख्खा पांढरा काजू, डब्ल्यू ३२०. १०० ग्रॅममध्ये ६६ ते ७४ काजू. भरताना तुकडा शेकडा ५ च्या आत. बी : खानापूर तालुका. बी फोडली : खानापूर तालुक्यात, एप्रिल. मीठ, तेल काही घातलेलं नाही.’

जुन्या ओळीपेक्षा ही थोडीच लांब आहे, आणि यातल्या एकेका वाक्यावर तुम्हाला धरता येतं.

## ‘आपला माल कमी प्रतीचा असेल तर?’

खरी अडचण ही आहे. अख्खा २४० विकणारा आकडा आनंदानं छापेल, तुकडा विकणाऱ्यानं काय करायचं? बहुतेकजण इथंच ‘प्रीमियम’चा आसरा घेतात. पण तुकडा हा वाईट काजू नसतो, तो फुटलेला काजू असतो. त्याच झाडाचा, त्याच डब्यातल्या चवीचा. काजूकतलीसाठी काजू दळायचाच असतो, ग्रेव्हीला वाटायचाच असतो. तिथं अख्ख्याचे जादा पैसे मोजणारा आचारी स्वतःचं नुकसान करत असतो, आणि त्याला ते माहीत असतं.

बारीक तुकड्यात भुकटी आणि सालीचा चुरा किती आहे, हे त्याला हवं असतं, कारण सालीनं कतली तांबूस होते आणि तोंडात तुरट लागते. हे मोजणं अवघड नाही. १०० ग्रॅम तुकडा रव्याच्या चाळणीतून चाळायचा, खाली पडेल त्याचं वजन करायचं, वरची राहिलेली साल वेचून तिचंही करायचं. मग पाकिटावर लिहायचं : ‘पांढरा बारीक तुकडा. चाळून, साल वेचून भरलेला. १०० ग्रॅममध्ये भुकटी २ ग्रॅमच्या आत. कतली, बर्फी, ग्रेव्हीसाठी. पाहुण्यांपुढे वाटीत ठेवायला नव्हे.’